मोठी नाही झाले तर

बूट बदलून आणायचे, एवढंच काम होतं.

इस्लामपूरच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानात संयोगिता गेली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खांद्यावर अडीच महिन्यांचा राजवर्धन झोपलेला, आणि तिची ओढणी मुठीत धरून सहा वर्षांची शिवांजली उभी. पंधरा दिवसांपूर्वीच घेतलेले शाळेचे काळे बूट संयोगितानं काउंटरवर ठेवले.

"हे मोठे होतात हिला. चालताना पायातनं निघतात."

दुकानदारानं लाकडी पट्टी काढली, शिवांजलीचा पाय तिच्यावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिला. मग दुसरा पाय ठेवला.

"ताई, त्या दिवशी मीच मोजला होता. अकरा नंबर आला होता. आज नऊ येतोय."

"मग त्या दिवशी चुकलं असंल तुमचं."

"असंलही," तो म्हणाला, पण नजर पायावरच होती. "पोरांचा पाय वाढतो हो. कमी कसा होईल?"

संयोगितानं लेकीकडं पाहिलं. शिवांजली स्वतःच्या पायाकडं बघत होती, आणि तिचा चेहरा फुलून आला होता. परीक्षेत पहिला नंबर आल्यावर फुलावा तसा. गेल्या महिन्याभरात संयोगितानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

घरी येताना रिक्षात बसून ती स्वतःची समजूत घालत राहिली. दुकानदार म्हातारा आहे. पट्टी जुनी आहे. पण मनात एक जागा अशी होती, की तिथं समजूत पोहोचत नव्हती. कारण त्या जागी तिचे स्वतःचे शब्द होते.

ते कसं झालं, ते सांगायला हवं.

संयोगिताचा नवरा इंद्रजित फौजेत, सिक्कीमला. घर गावाबाहेर वस्तीवर, आणि घराच्या मागच्या पडवीला लागूनच दोन एकर ऊस. घरात संयोगिता, तिची सासू हरणाबाई, जिला ती 'आत्ती' म्हणायची, आणि शिवांजली, म्हणजे शिवू. दुसऱ्या खेपेला सातवा लागला तशी संयोगिता माहेरी वडूजला गेली. शिवूची पहिलीची शाळा नुकती सुरू झालेली, ती बुडायला नको, म्हणून शिवूला आजीजवळ ठेवलं. 'थोडेच दिवस,' असं सांगितलं होतं. त्याचे साडेतीन महिने झाले. रोज फोनवर शिवू विचारायची, "मम्मी, कवा येणार?" आणि हळूहळू तिनं विचारायचं सोडून दिलं. फोन आला की ती परसात पळायची.

संयोगिता बाळ घेऊन आली त्या दिवशी हरणाबाईंनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारपाजारच्या बाया जमलेल्या. शिवू आतून धावत आली, आणि दोन हात अंतरावर येऊन थांबली. आईच्या कुशीत जागा नव्हती. तिथं कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

"शिवे, आता तू ताई झालीस गं! मोठी झालीस!" कुणीतरी म्हणालं. मग दुसरीनं म्हटलं. मग तिसरीनं. त्या दिवशी त्या पोरीला किती जणींनी मोठं केलं, त्याला मोजमाप नाही.

शिवूनं बाळाचा उघड दुस्वास कधी केला नाही. चार माणसांत ती त्याचे मुके घ्यायची, 'माझा भैया' म्हणायची. फक्त मुके इतके करकचून, की बाळ कळवळून रडायचं. संयोगिता त्याला पाजायला बसली की नेमकी त्याच वेळी शिवूला तहान लागायची, शी लागायची, पाय मुरगळायचा. तीन वर्षांपूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. ती बोबडं बोलू लागली. वाटीतलं दूध नको, बाटलीतून हवं म्हणू लागली. एकदा अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "मम्मी, आता खेळून झालं. ह्याला दवाखान्यात देऊन टाकू." आणि खरा राग होता तो बाळावर नव्हताच. तो आईवर होता. वेणी घालायला घेतली की ती मान वळवायची. "आजीकडनं घालणार."

हे सगळं संयोगिताला कळत होतं. पण बाळ दर दोन तासांनी उठायचं, टाके अजून ओढत होते, आणि दिवसभर अंगाला कुणी ना कुणी चिकटलेलं. एका सकाळी शिवू हळूच येऊन तिच्या मांडीवर चढली. बाळाच्या चार किलोंची सवय झालेल्या संयोगिताला ती एकदम केवढीतरी वाटली. लांब पाय, घामाचा वास, टोकदार कोपरं. तिच्याही नकळत तिचा हात पुढं आला आणि तिनं पोरीला बाजूला सारलं.

पोटची पोर नकोशी वाटली. एक क्षणच. पण वाटली. ही गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही.

आणि मग तो झोळीचा दिवस. संयोगिता कपडे वाळत घालून आत आली तर शिवू झोळीत चढलेली. बाळ आतच होतं, तिच्या गुडघ्यापाशी दबलेलं, तोंड लाल झालेलं. संयोगितानं तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि एक जोरात ठेवून दिली.

"एवढी मोठी घोडी झालीस, अक्कल हाय का? मोठी झालीस आता तू!"

शिवू रडली नाही. गालावर हात ठेवून तिनं विचारलं, "मोठी नाही झाले तर?"

"तर काय?"

"तर घेशील मला?"

संयोगिताचा जीव नुसता शिणला होता. बाळाला थोपटत, तिच्याकडं न बघताच ती बोलून गेली, "घेईन बाई, घेईन. हो लहान, मग घेते."

त्याच दुपारपासून शिवू उसात जायला लागली.

पहिल्यांदा ती संध्याकाळी परत आली तेव्हा केसांत वाळल्या पात्यांचं पाचट होतं, पायावर उसाच्या पात्यानं ओरखडे उठलेले.

"कुठं गेली हुतीस?" हरणाबाईंनी विचारलं.

"उसात."

"बिबट्या फिरतोय रानात, माहीत न्हाई व्हय? काय करत हुतीस तिथं?"

"लहान होत हुते," शिवू म्हणाली आणि ताटावर बसली.

हरणाबाई हसल्या. संयोगिताही हसली. त्यानंतर बूट सैल झाले.

बाजारातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पल्लवी आली. गावातली आशा सेविका, बाळाचं वजन करायला. वजन करता करता तिचं लक्ष दाराआडून बघणाऱ्या शिवूकडं गेलं. तिनं सहज विचारलं, "हिचं कसं चाललंय?" आणि संयोगिताचा बांध फुटला. अंथरूण, बाटली, झोळी, थप्पड, सगळं सांगून झालं. मांडीवरून सारलं, तेवढं मात्र राहिलं.

"वहिनी, हे घरोघरी हाय," पल्लवी म्हणाली. "पोराला वाटतं, बारकं असलं की आई मिळती. म्हणून ते बारकं होऊन बघतं. रागावून थांबत न्हाई ते. तिला मोठी मोठी म्हणू नका. दिवसातली पंधरा मिनिटं काढा, फक्त तिची. बाळ आत्तींच्याकडं द्या, दार लावा, आणि ती म्हणंल ते करा. बाळ व्हायचं म्हणाली तर होऊ द्या. आणि भैया आवडत न्हाई म्हणाली तर 'असं बोलू नये' म्हणू नका. न्हाई आवडत, तर न्हाई. बोलू द्या."

मग जाता जाता तिनं शिवूला काट्यावर उभं केलं. आकडा बघितला. वही चाळली.

"जूनमध्ये शाळेत साडेसतरा भरली हुती. आज चौदा." तिनं टेप काढून उंचीही मोजली, मग परत एकदा मोजली. "तालुक्याला दाखवून घ्या, वहिनी. उद्याच."

पल्लवी गेल्यावर संयोगितानं शिवूला जवळ ओढलं. "आ कर बघू."

गणपतीत शिवूचा खालचा पुढचा दात पडला होता. संयोगिता तेव्हा माहेरी होती, फोनवर तिनं ती खिडकी बघितली होती. आता तिथं दात होता. नवा, मोठा, करवतीच्या कडेचा नव्हे. तोच बारीक पांढरा दुधाचा दात, हलतही नव्हता. गुडघ्यावरचा सायकलवरून पडल्याचा व्रण संयोगितानं शोधला. कातडी कोवळी आणि कोरी होती.

"शिवू... काय करतीस गं तू उसात?"

शिवूनं आईच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या श्वासाला दुधाचा वास येत होता.

"थोलंच लाह्यलंय आता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जायचं ठरलं होतं. त्याआधी, सकाळचं आवरल्यावर, संयोगितानं बाळ हरणाबाईंकडं दिलं, खोलीत सतरंजी अंथरली आणि शिवूला म्हणाली, "चल, आता फक्त आपण दोघी." पोरगी आली. अंगात गेल्या वर्षीचा फ्रॉक, तोही खांद्यावरून घसरत होता. ती मांडीवर बसणार, तेवढ्यात बाहेर राजवर्धननं टाहो फोडला.

"भुकेजलाय गं पोरगा, गप बसंना!" हरणाबाईंची हाक आली.

"शिवू, पाचच मिनिटं थांब. भैयाला पाजते आणि आलेच."

शिवूनं मान डोलावली. फार शहाण्यासारखी.

पाजून संयोगिता परत आली तर सतरंजी रिकामी. मागचं दार उघडं. ती पडवीत धावली. ऊन चढलं होतं, रानात कुठं पाखरूही बोलत नव्हतं. उसाच्या कडेला, पहिल्या सरीशी, ते काळे बूट शेजारी शेजारी ठेवलेले. चार पावलं आत तो फ्रॉक पडलेला. काढून टाकल्यासारखा नव्हे. अंगातून आपोआप गळून पडल्यासारखा, गळ्याची गुंडी लावलेली तशीच.

आणि त्याच क्षणी तिला धुराचा वास आला.

त्या दिवशी ऊसतोड लागायची होती, हे ती विसरूनच गेली होती. जतकडची टोळी आदल्या दिवशी उतरली होती. बिबट्याच्या भीतीनं कुणी आत शिरायला धजेना, म्हणून मुकादम बिरदेवनं उसाचा फड पेटवून मग तोडायचं ठरवलं होतं. पलीकडच्या बांधावर धुराची काळी वेटोळी वर चढत होती, आणि वाळल्या पाचटाचा तडतड आवाज...

"आत्तीऽ! त्यास्नी थांबवा! शिवू आत हाय!"

एवढं ओरडून ती उसात घुसली.

उसात शिरलं की दिशा राहत नाही. डोक्याच्या वर हातभर पाती, दोन्हीकडून कांड्यांची भिंत, पायाखाली पाचटाचा गुडघाभर थर. पाती गाल कापत होती. ती हाका मारत पळत होती, आणि धूर सरीसरीतून तिच्यापुढं वाट काढत होता.

तेवढ्यात तिला रडणं ऐकू आलं.

तान्ह्या बाळाचं. राजवर्धनचं नव्हे. त्याचं रडणं जाड आहे, एका दमाचं. हे घोगरं, बारीक; तीन हुंदके, मग एक अडखळ, मग परत तीन. सहा वर्षांपूर्वी, कळांनी अर्धमेली झालेली असताना, पडद्यापलीकडून तिनं हे रडणं पहिल्यांदा ऐकलं होतं. जगात दुसऱ्या कुणाचं असं रडणं नव्हतं. आणि तिला समजायच्या आधी तिच्या अंगाला समजलं. आत्ताच बाळाला पाजून रिकामी झालेली तिची छाती भरून आली, झरू लागली, कुडता ओला झाला.

"शिवूऽ! ये बाळा, घरी चल!"

रडणं दूर गेलं.

"भैया वाट बघतोय तुझी!"

आणखी दूर. आता धूर डोळ्यांत होता आणि डावीकडं पात्यांच्या शेंड्यांवर लाल जिभा नाचत होत्या. संयोगिता धावायची थांबली. तिला एकदम कळलं, की आपण अजूनही त्या पोरीशी खरं बोललेलोच नाही. ती पाचटात गुडघ्यांवर बसली.

"शिवू, ऐक... त्या दिवशी मांडीवरनं मी तुला ढकललं. तू जड वाटलीस मला. नकोशी वाटलीस. चुकलं माझं." धुरानं तिला ठसका लागला. "तुला टाकून मी वडूजला गेले. थोडे दिवस म्हणाले आणि आले नाही. तुला राग आलाय ना माझा? येऊ दे. भैया नको वाटतो ना? वाटू दे. पण लहान होऊ नको गं. लहान शिवूला मी एवढी ओळखत पण नव्हते. ती बोलायची नाही, कशाला हसती ते कळायचं नाही. मला ही पाहिजे. दात पडलेली. माझ्यावर रागावणारी. हीच..."

रडणं थांबलं. नुसता आगीचा आवाज राहिला.

मग अगदी जवळून, तिच्या पाठीमागून, सहा वर्षांच्या स्वच्छ आवाजात कुणीतरी म्हणालं,

"मी जड लागंन."

"लागू दे."

दोन हात तिच्या गळ्यात पडले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाठीवर ओझं घेऊन ती उठली आणि जिकडून हरणाबाईंच्या हाका येत होत्या तिकडं धावत सुटली. सुरुवातीला पाठीवर काही नसल्यासारखंच होतं, मांजराच्या पिलाएवढं. मग प्रत्येक पावलाला ते ओझं वाढत गेलं. पाच किलो, आठ, दहा... गुडघे वाकू लागले, टाके ताणले, आणि धापा टाकत, ठसकत, संयोगिता हसत होती! आयुष्यात कुठलं ओझं तिला इतकं गोड लागलं नव्हतं. लांब पाय तिच्या मांड्यांवर आपटत होते. टोकदार कोपरं खांद्यात रुतत होती.

बांधावर येऊन ती कोसळली. हरणाबाईंनी लुगड्याचा पदर पोरीवर टाकला. टोळीतली माणसं उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी घेऊन आग झोडपत होती. अर्धा फड गेला आणि वारा पडला तशी ती विझली.

संयोगितानं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आ कर."

खालच्या ओळीत खिडकी होती. गुडघ्यावर व्रण होता.

हरणाबाईंच्या खांद्यावर राजवर्धन ओरडून निळा व्हायचा बाकी होता. शिवूनं त्याच्याकडं बघितलं, मग आईकडं.

"त्याला आधी घेऊ नको."

"आत्ती," संयोगिता म्हणाली, "जरा दम धरा. त्याला फिरवा थोडं." आणि तिनं सहा वर्षांची ती घोडी मांडीवर घेतली, आणि पोरीला पोटभर रडू दिलं. साडेतीन महिन्यांचं रडणं होतं ते. वेळ लागला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी वजन केलं, ते अठरा किलो भरलं. पल्लवीनं आपली वही पुन्हा पुन्हा बघितली आणि शेवटी ते पान फाडून टाकलं. पुढं सगळं एकदम गोड झालं असं नाही. शिवू अजून बाळाला चिमटे काढायची. 'देऊन टाकू' म्हणायची. पण आता रोज दुपारी खोलीचं दार लागायचं, आतून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं, आणि एक दिवस तिनं मान न वळवता वेणी घालून घेतली. अंथरूण कोरडं राहू लागलं.

पण त्याआधी, आगीनंतरच्या चौथ्या दिवशी, टोळीनं उरलेला फड तोडायला घेतला. दुपारच्या सुमाराला बिरदेवची बायको रंगूबाई हातात कोयता घेऊन पडवीशी आली. घामानं डबडबलेली, पण चेहरा पांढरा.

"वैनी, जरा येता का? एकट्याच या."

फडाच्या मध्यावर, आग जिथं पोचली नव्हती तिथं, तोडलेल्या उसाच्या मधोमध पाचट गोल दाबलेलं होतं. पाखराच्या घरट्यासारखं, आणि मऊ. रंगूबाईनं कोयत्यानं भोवतालचं पाचट बाजूला केलं. खाली भुसभुशीत मातीत बारक्या तळव्यांचे आणि गुडघ्यांचे ठसे होते. रांगत गेल्यासारखे. कडेला मोठे, घरट्याकडं येता येता लहान लहान होत गेलेले. घराच्या बाजूनं आलेली ती ओळ संयोगितानं ओळखली. तिच्या शेजारून तिची स्वतःची पावलं परत गेली होती, खोल, ओझं घेऊन गेलेली.

"वैनी," रंगूबाई हळू आवाजात म्हणाली, "आत तुमची एकच पोरगी गेली हुती न्हवं?"

"व्हय... एकच."

रंगूबाईनं कोयत्याचं टोक उचलून दाखवलं. ओढ्याकडून तशाच लहान होत गेलेल्या ठशांची आणखी एक ओळ येत होती. रस्त्याच्या बाजूनं दुसरी. पलीकडच्या वस्तीकडून तिसरी. तिन्ही घरट्यापर्यंत येऊन थांबत होत्या, आणि त्यांच्या शेजारून कुणाचीच पावलं परत गेलेली नव्हती.

संयोगिता खाली वाकली. महिनाभर पाणी तोडलेलं, उन्हानं भाजून निघालेलं रान ते. तरी रस्त्याकडून आलेल्या ओळीतला शेवटचा ठसा, रुपयाएवढा तळवा, अजून ओला होता.